बारा मिलिसेकंदांचं काम, दहा मिलिसेकंदांची पाळी

संगणकावर एखादा मोठा व्हिडिओ रूपांतरित व्हायला लावावा, शेजारी पत्र लिहायला घ्यावं आणि दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटायला उशीर व्हावा. हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. ते अक्षर उमटवायला प्रोसेसरला काही मिलिसेकंद पुरतात, म्हणजे सेकंदाचे काही हजारावे भाग. तरी ते अडतं, कारण त्याच्या पुढे रांगेत दांडगी कामं उभी असतात.

या रांगेसाठीचा जुना आणि सरळ नियम म्हणजे राउंड रॉबिन. प्रत्येक कामाला ठरावीक वेळ द्यायचा. त्या वेळेला टाइम स्लाइस म्हणतात, आपण पाळी म्हणू. पाळी संपली की घड्याळाचा इशारा येतो, काम अर्धवट असलं तरी थांबतं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं. कायमचं उपाशी कुणी राहत नाही. पण छोट्या कामाची किती उपासमार होते, ते पाळी केवढी ठेवली यावर ठरतं.

एकच प्रोसेसर आहे असं धरू. रांगेत दहा मोठी कामं आहेत, प्रत्येकाला २० सेकंद हवेत. पहिल्याची पाळी सुरू होते त्याच क्षणी आपलं १२ मिलिसेकंदांचं छोटं काम रांगेच्या शेवटी येतं. एक काम उतरवून दुसरं चढवायलाही वेळ जातो, तो ०.२ मिलिसेकंद मानू. प्रत्यक्षात तो बहुधा याहून कमी असतो, पण हिशेब दिसायला हा आकडा बरा.

पाळ्याच नसत्या, आलेलं काम पुरं करूनच पुढचं घेतलं असतं, तर छोट्या कामाला २०० सेकंद थांबावं लागलं असतं. १०० मिलिसेकंदांची पाळी ठेवली तर ते साधारण एका सेकंदात मोकळं होतं. सुधारणा मोठी आहे, तरी टंकणाऱ्याला एक सेकंदाची अडखळ चांगलीच जाणवते. पाळी १५ वर आणली की दहा जणांचे मिळून १५२ आणि स्वतःचे १२, असं १६४ मिलिसेकंदांत काम हातावेगळं.

मग आणखी कमी करावी, दहावर आणावी, असं कुणालाही वाटेल. इथेच हिशेब उलटतो. छोटं काम १०२ मिलिसेकंद थांबतं, दहा मिलिसेकंद चालतं आणि फक्त दोन उरलेले असताना त्याला उठवलं जातं. त्या दोनांसाठी पुन्हा अख्खी फेरी! सगळं मिळून २१६. पाळी लहान केली आणि ज्याच्यासाठी केली त्याचंच काम लांबलं.

पाळी अगदी एक मिलिसेकंदावर नेली तर तेच काम १५८ मध्ये संपतं, पंधराच्या पाळीपेक्षा जेमतेम सहा मिलिसेकंद आधी. पण आता प्रोसेसरचा सहावा हिस्सा नुसत्या चढ-उतारात जातो. पंधराच्या पाळीत हे नुकसान शेकडा सव्वाच्या आसपास होतं. शिवाय प्रत्येक कामाची जवळच्या वेगवान स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये, मांडून ठेवलेली माहिती दुसरं काम येऊन विस्कटतं, त्याची झळ वेगळीच.

म्हणून पाळी बहुतेक छोट्या कामांच्या एका बैठकीपेक्षा किंचित मोठी असावी. पाठ्यपुस्तकांत एक ठोकताळा आहे: शंभरातल्या ऐंशी बैठका एका पाळीच्या आत उरकाव्यात. विंडोजमध्येही हा विचार दिसतो. घरगुती आवृत्तीत पाळी घड्याळाच्या दोन ठोक्यांची असते, म्हणजे साधारण ३१ मिलिसेकंद. सर्व्हरवर बारा ठोक्यांची, सुमारे १८७. सर्व्हरसमोर कुणी टंकत बसलेलं नसतं.

पाळी चुकली आहे का, याचा अंदाज लिनक्सवर घेता येतो. चालू प्रक्रियेचा क्रमांक `PID` च्या जागी घालून पाहावं:

```
grep ctxt /proc/PID/status
```

`voluntary_ctxt_switches` म्हणजे काम स्वतःहून किती वेळा थांबलं. `nonvoluntary_ctxt_switches` म्हणजे त्याला किती वेळा उठवलं गेलं. छोट्या, हलक्या कामाचा दुसरा आकडा भराभर वाढत असेल, तर त्याचा घास अर्ध्यावरच काढून घेतला जातोय अशी शंका घ्यावी.

तरी नुसत्या पाळीने सगळं सुटत नाही. रांगेत दहाऐवजी पन्नास मोठी कामं आली, तर पंधराच्या पाळीतही छोट्याला पाऊण सेकंद थांबावं लागतं. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीत १९६१ साली सीटीएसएस ही वेळ वाटून देणारी प्रणाली दाखवली, आणि १९६२ च्या निबंधात त्यांनी मांडलेला तोडगा मला आजही सर्वांत समंजस वाटतो. रांगा अनेक ठेवायच्या. दिलेल्या वेळेत काम संपलं नाही तर त्याला खालच्या रांगेत पाठवायचं आणि तिथे पाळी दुप्पट द्यायची, मात्र वरच्या रांगा रिकाम्या झाल्यावरच. कोणतं काम छोटं आहे हे आधी कुणाला ओळखावं लागत नाही. मोठं काम आपोआप खाली सरकतं, आणि तिथे पोचलं की कमी वेळा, पण लांब पल्ल्याचं चालतं.