वेबपत्त्याचा कोणता तुकडा कोण वाचतो?

मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या लेखाचा पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की त्याचा अनेकदा चेहरामोहराच बदलतो. ‘पुणे’ या दोन अक्षरांच्या जागी `%E0%A4%AA%E0%A5%81%E0%A4%A3%E0%A5%87` अशी आगगाडी उभी राहते. लिंक बिघडली, नाहीतर कुणीतरी व्हायरस पाठवला, अशी शंका घेऊन अनेक जण ती उघडतच नाहीत. प्रत्यक्षात काहीच बिघडलेले नसते. वेबपत्त्याचे नियम ठरले ते इंग्रजी अक्षरे आणि मोजकी चिन्हे धरून. त्यामुळे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात साठवले जाते त्या तीन बाइटच्या रूपात पाठवावे लागते आणि प्रत्येक बाइटच्या आधी टक्क्याचे चिन्ह येते. प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणून बारा टक्के. ब्राउझर ते पुन्हा जुळवून ‘पुणे’ दाखवतो.

लांबलचक पत्त्याची भीती वाटते ती तो सलग वाचायचा प्रयत्न केल्यामुळे. तो सलग वाचण्यासाठी नसतोच. त्यात पाच तुकडे असू शकतात आणि ते सगळे एकाच ठिकाणी वाचले जात नाहीत. पुढचा पत्ता त्यासाठी पुरेसा आहे:

```
https://mr.wikipedia.org/w/index.php?title=पुणे&action=view#इतिहास
```

सुरुवातीचे `https` म्हणजे स्कीम. ते ब्राउझरसाठी असते: पुढचे संभाषण कोणत्या पद्धतीने करायचे, ते त्यातून कळते. `https` असेल तर वाटेत कुणाला मजकूर वाचता येऊ नये म्हणून तो सांकेतिक करून पाठवला जातो; नुसते `http` असेल तर उघडा जातो. पुढच्या दोन तिरक्या रेघांचे मात्र फारसे काम नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीच २००९ मध्ये कबूल केले होते की त्या नसत्या तरी चालले असते.

स्कीम वेबपुरतीच नसते. `mailto:` ने सुरू होणारा पत्ता ईमेलचे ॲप उघडतो, `tel:` ने सुरू होणारा फोन लावायला घेतो. भाजीवाल्याच्या गाडीवरच्या यूपीआय क्यूआर कोडमध्येही बहुधा `upi://pay?` ने सुरू होणारा पत्ताच दडलेला असतो. म्हणून तो स्कॅन केल्यावर पैसे देण्याचे ॲप समोर येते.

दोन तिरक्या रेघांनंतर आणि पुढच्या एकट्या तिरक्या रेघेच्या आधी जे येते तो होस्ट: `mr.wikipedia.org`. हा तुकडा सर्वांत जास्त लक्ष देऊन पाहावा असा आहे. ब्राउझर हे नाव डीएनएस या यंत्रणेला विचारतो, ती त्या नावाचा आकड्यांतला पत्ता देते आणि मग ब्राउझर त्या संगणकाशी बोलू लागतो. पाकिटावरच्या पत्त्यात घर आधी आणि शहर शेवटी येते, तसाच होस्टचा क्रम असतो. लहान डावीकडे, मोठे उजवीकडे. म्हणून तो उजवीकडून वाचायचा. `org` या मोठ्या गटातले `wikipedia` हे नाव आणि त्या नावाखालचा `mr` हा मराठी विभाग. `mr` च्या जागी `en` लिहिले तर इंग्रजी विभाग येतो.

फसवणारे लोक नेमका याच क्रमाचा फायदा घेतात. हा होस्ट पाहा:

```
mr.wikipedia.org.example.net
```

डावीकडून वाचणाऱ्याला ओळखीचे नाव दिसते आणि तो निर्धास्त होतो. उजवीकडून वाचले की कळते, मालकी `example.net` ची आहे. त्याच्या डावीकडे मालकाने हवे ते लिहावे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. अशा पत्त्याच्या सुरुवातीला `https` असले तरी दिलासा मानू नये. बोलणे वाटेत कुणी ऐकत नाही एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बोलणारा कोण आहे, सज्जन की भामटा, हे त्यातून ठरत नाही. भारतीय बँकांच्या नावाने होणारी हीच फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना `.bank.in` ने संपणारे पत्ते घ्यायला लावले. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळते. पण ते होस्टच्या शेवटी हवे, मध्ये कुठेतरी नव्हे.

होस्ट संपला की क्रम उलटतो. `/w/index.php` हा पाथ मोठ्याकडून लहानाकडे जातो आणि तो विकिपीडियाचा सर्व्हर वाचतो. पाथ म्हणजे संगणकातला एखादा फोल्डर आणि फाइल असा समज आहे. पूर्वी बहुतेक तसेच होते. आता पाथवरून काय द्यायचे, ते सर्व्हर आपल्या पद्धतीने ठरवतो. म्हणूनच हाच लेख `/wiki/पुणे` या आटोपशीर पाथवरही मिळतो. होस्टमध्ये अक्षरे कॅपिटल लिहिली तरी फरक पडत नाही, पाथमध्ये मात्र पडू शकतो. पत्ता हाताने टाइप करताना ‘पान सापडले नाही’ असा ४०४ चा निरोप आला तर होस्ट बहुधा बरोबर असतो. चूक पाथमध्ये शोधावी.

प्रश्नचिन्हापासून क्वेरी स्ट्रिंग सुरू होते. तीही सर्व्हरसाठीच असते, पण तिच्यात मागणीचा तपशील असतो: डावीकडे नाव, मग बरोबरीचे चिन्ह, उजवीकडे किंमत, आणि दोन जोड्यांच्या मध्ये `&`. इथे `title` पुणे आहे आणि `action` म्हणजे करायची कृती `view`, अर्थात दाखवणे. `view` खोडून `history` लिहिले की लेखाऐवजी त्यात कधी, कोणते बदल झाले याची यादी येते. क्यूआर कोडमधली क्वेरीही अशीच असते: `pa` म्हणजे पैसे कुणाच्या यूपीआय आयडीवर जाणार आणि `am` म्हणजे किती रुपये.

काही जोड्या मात्र वाचकाच्या कामाच्या नसतात. `utm_source` किंवा `fbclid` अशी नावे दिसली तर वाचक कुठून आला याची ती नोंद असते. ती काढून टाकली तरी पान सहसा तसेच उघडते आणि पुढे पाठवायचा पत्ता आखूड होतो. पण कोणती जोडी काढावी हे पाहूनच ठरवावे. आपल्या उदाहरणातली `title` ची जोडी काढली तर पुण्याचा लेखच हातचा जाईल.

शेवटचा `#इतिहास` हा फ्रॅगमेंट. त्याचे वागणे सगळ्यांपेक्षा वेगळे आहे, कारण तो सर्व्हरकडे जातच नाही. ब्राउझर त्याच्या आधीचा पत्ता वापरून पूर्ण पान मागवतो आणि मग पानात ‘इतिहास’ नावाची जागा शोधून तिथे सरकतो. तशी जागा नसेल तर कसलीही तक्रार न करता पानाचा वरचा भाग दाखवतो. दुसऱ्याने पाठवलेली लिंक भलत्याच जागी उघडली, तर अनेकदा कारण हेच असते: दरम्यान लेखातले उपशीर्षक कुणीतरी बदललेले असते.

हा फरक घरच्या घरी तपासता येतो. लेख उघडून इंटरनेट बंद करावे आणि पत्त्यातल्या `#` पुढे त्याच लेखातले दुसरे उपशीर्षक लिहून एंटर दाबावे. पान त्या जागी सरकते. मग `view` चे `history` करून पाहावे. आता सर्व्हरला विचारल्याशिवाय ब्राउझरला पुढे जाता येत नाही, आणि पडद्यावर जोडणी नसल्याचा निरोप येतो.