गाडीने वाचलेली पाटी आणि टॉलरन्सचा घोळ

एक्सयूव्ही ७००, हॅरिअर, सफारी यांसारख्या गाड्यांतून ‘ट्रॅफिक साइन रेकग्निशन’ आपल्या भागात आलं. रस्त्याकडेची वेगमर्यादेची पाटी गाडीच वाचते आणि स्पीडोमीटरजवळ लाल गोलात आकडा दाखवते. कल्याण-बदलापूर रस्त्यावर किंवा काटई-बदलापूर रस्त्यावर ही गाडी चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: आकडा चुकीचा दाखवते, उगाच वाजते, मग टॉलरन्स वाढवून टाकला. या एका वाक्यात तीन-चार गैरसमज एकत्र बसलेले आहेत.

गैरसमज: गाडी ८० ला वाजते, म्हणजे तिने पाटी वाचली.

त्याचा पाटीशी काडीचा संबंध नाही. १ जुलै २०१९ ला लागू झालेल्या नियमानुसार बनलेल्या गाड्या ८० च्या वर गेल्या की मधूनमधून वाजतात आणि १२० च्या वर सतत वाजतात. रस्ता उल्हासनगरच्या कॅम्पातला असो की एक्स्प्रेस-वे, आकडे तेच. टॉलरन्सच्या सेटिंगने हा आवाज बदलत नाही, त्यामुळे तो वैतागाच्या हिशोबात धरू नका.

गैरसमज: आपल्याला स्पष्ट दिसणारी पाटी कॅमेऱ्यालाही तशीच दिसते.

खरी मेख इथे आहे. काचेवर आरशामागे बसवलेला कॅमेरा रुंद दृश्य पाहतो, त्यामुळे लांबची पाटी त्याच्या वाट्याला अगदी लहान येते. ढोबळ हिशोब करून पाहू. चित्राची रुंदी १२८० ठिपके आणि नजरेचा कोन ५० अंश धरला, तर ५० मीटरवरची ६० सेंटिमीटर व्यासाची पाटी जेमतेम १८ ठिपक्यांत मावते. तिच्यातला आकडा त्याच्याही तिसऱ्या हिश्शात, म्हणजे सहा ठिपक्यांच्या उंचीत. इंग्रजी अंकांतल्या तीनची डावी बाजू जोडली की आठ होतो, आणि सहा ठिपक्यांत ती जोडायला चिखलाचा एक शिंतोडा पुरतो. २५ मीटरवर पाटी दुप्पट मोठी दिसते हे खरं. पण ताशी ६० च्या वेगात ५० वरून २५ मीटरवर यायला दीडच सेकंद लागतो, आणि तेवढ्यात मध्ये रिक्षा आली की संपलं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मॅकाफीच्या संशोधकांनी ३५ च्या पाटीवरच्या तीनला काळ्या टेपची छोटी पट्टी लावून त्याची मधली रेघ लांबवली. २०१६ च्या टेस्ला गाड्यांनी तो आकडा ८५ वाचला. माणूस त्या पाटीला फसला नसता.

आपल्याकडे टेप लावायला कोणी यावं लागत नाही. खांबाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला असतो, पावसात झाडाची फांदी पाटीवर येते, रस्त्याच्या कामाची धूळ बसते आणि पाटीची चकाकी जाते. शिवाय अनेक फलक मुळातच नियमातले नसतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार वेगमर्यादेची पाटी पांढरी, गोल, लाल कडेची आणि काळ्या आकड्याची. कॅमेरा शिकला आहे तो हाच आकार. आयताकृती फलकावर ‘वाहने सावकाश चालवा, वेगमर्यादा २०’ असं रंगवलं असेल तर तो तुमच्यासाठी आहे, गाडीसाठी नाही.

याच्या उलटही घडतं: पाटी नसताना गाडीला पाटी दिसते. समजा, तुम्ही नेवाळीहून बदलापूरकडे निघाला आहात, मर्यादा ६० आणि तुमचा वेग ५८. पुढे एमआयडीसीतला टँकर आहे, त्याच्या पाठीवर लाल गोलात ४०. तो आकडा त्या टँकरपुरता आहे. खांबावरची पाटी जवळ येताना मोठी होत जाते आणि कडेला सरकते. पुढच्या वाहनावरचा गोल मात्र अंतर तेच राहिलं तर तेवढाच राहतो. चांगली यंत्रणा या फरकावरून तो गोल सोडून देते. पण तुम्ही ओव्हरटेक करायला निघालात की तो गोलही मोठा होतो, कडेला सरकतो आणि मीटरवर ४० उमटतो. रस्त्याकडेला पाटी नसताना आकडा बदलला, तर आधी शेजारच्या वाहनाची पाठ बघा. सर्व्हिस रोडची किंवा बाजूच्या फाट्याची पाटी उचलली जाते तेव्हाही असंच होतं.

गैरसमज: नकाशा असला की चूक होत नाही.

काही गाड्या कॅमेऱ्याच्या वाचनाला नकाशातल्या नोंदीची जोड देतात. त्याने फाट्यावरची चूक कमी होते, पण नकाशातली नोंद जुनी असेल तर नवी चूक येते. आपल्या गावांत रस्ते रुंद होत असतात, डायव्हर्जन महिनोन्‌महिने चालतं आणि तात्पुरती मर्यादा नकाशात येण्याआधीच काम संपतं. युरोपात ही यंत्रणा जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली. तिथल्या नियमात किमान ४०० किलोमीटरची चाचणी आहे आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त अंतरावर आकडा बरोबर हवा. म्हणजे धुतल्यापुसल्या पाट्यांच्या देशांतही कायद्याने चुकीला जागा ठेवली आहे.

गैरसमज: टॉलरन्स वाढवला की चुकीचे इशारे थांबतात.

टॉलरन्स किंवा ऑफसेट म्हणजे वाचलेल्या मर्यादेच्या किती वर गेल्यावर वाजायचं. तो तुमच्या वेगाची सूट आहे, कॅमेऱ्याच्या चुकीचा इलाज नाही. वरच्या उदाहरणात टॉलरन्स +१० असला तरी गाडी ५० ला वाजणार आणि तुम्ही ५८ वर आहात, म्हणजे वाजणारच. आता उलट बाजू पाहा. शाळेजवळची ३० ची पाटी ८० वाचली गेली, तर +१० मुळे गाडी ९० पर्यंत गप्प. आणि सूट टक्क्यांत नसून किलोमीटरमध्ये असते: १०० ला १० म्हणजे दहावा हिस्सा, ३० ला १० म्हणजे तिसरा.

तेव्हा सुरुवात ० वर करा. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तरी चालेल, हे अनेक देशांतलं तत्त्व आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार खरा वेग ६० असताना मीटर ७० पर्यंत दाखवू शकतो. इशारा बहुधा मीटरच्या वेगावर चालतो, म्हणजे ० वरही तो खऱ्या मर्यादेच्या थोडा आधीच वाजतो. किती ते पाहायचं तर मोकळ्या रस्त्यावर मीटर ६० वर स्थिर ठेवा आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलवरचा जीपीएसचा वेग वाचायला सांगा. मर्यादेच्या आसपास चालवताना इशारा सारखा चालू-बंद होत असेल, तरच +३ किंवा +५ करा. त्यापुढे जायचं कारण मला तरी दिसत नाही.

वैताग कमी करायचा खरा उपाय वेगळा आहे. सोय असेल तर आवाज बंद ठेवा आणि आकडा दिसू द्या. वाचलेल्या आकड्यावर क्रूझ कंट्रोलचा वेग आपोआप बदलणारा ‘असिस्ट’ गावात बंद ठेवा, किंवा तुमच्या संमतीनंतरच बदलेल असा ठेवा. टँकरवरचा ४० वाचून गाडीने वेग उतरवला, तर मागचा बाइकवाला त्यासाठी तयार नसतो.

शेवटी काच. फास्टॅग आरशाजवळ चिकटवताना कॅमेऱ्याची खिडकी मोकळी ठेवा, आरशाला लटकन अडकवू नका, आणि काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. चलान रस्त्यावरच्या मर्यादेनुसार फाटतं, मीटरवर काय दिसत होतं हे त्यात कुठेच येत नाही.