ॲपवर स्वस्त म्हणजे खरंच स्वस्त? (भागाचं लिखित रूप)

आजचा विषय मुरगूडहून आलेल्या एका फोनमुळे सुचला. आमच्या काकांचा फोन होता. चुलत बहीण हैदराबादला असते, तिचं बाळंतपण जवळ आलंय. काका-काकू उजळाईवाडीच्या विमानतळावरून निघायचं म्हणतायत. दोघं वर्षा-दोन वर्षांतनं एकदा विमानात बसणारी. काका म्हणाले, "आरं, त्या कंपनीचं ॲप काढून मेंबर झालं की धा टक्के कमी म्हणतंय. तू इंजिनेर हाईस, सांग की, होऊ का मेंबर?"

मी म्हटलं, थांबा काका, आधी आकडे मांडू. खालचे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत. तुमच्या स्क्रीनवर वेगळे दिसतील, पण हिशोबाची पद्धत हीच.

वेबसाइटवर लॉगिन न करता एका माणसाचं मूळ भाडं 4000 रुपये धरू. त्यावर इकॉनॉमीचा 5 टक्के जीएसटी 200, विमानतळाचे वगैरे आकार 600, आणि पैसे भरताना शेवटी लागणारी कन्व्हिनियन्स फी 350. झाले 5150. दोघांचे 10,300. या तिकिटात प्रत्येकी 15 किलोची चेक-इन बॅग धरलेली आहे.

आता ॲपवरचं मेंबरांचं भाडं बघू. 10 टक्के सूट साधारण मूळ भाड्यावरच मिळते, विमानतळाच्या आकारांवर नाही. म्हणजे मूळ भाडं 3600, जीएसटी 180, आकार 600. कन्व्हिनियन्स फी मेंबरला माफ धरू. एकाचे 4380, दोघांचे 8760. सरळ 1540 रुपये वाचले! काका लगेच खूश.

पण मी खालची बारीक अक्षरं वाचायला लावली. हे भाडं फक्त हातातल्या बॅगेचं होतं. चेक-इन बॅग पाहिजे तर वेगळे पैसे, एका बॅगेला 1500 धरू. आणि काकू काय रिकाम्या हातानं जाणार? डिंकाचे लाडू, मेतकूट, वर घरच्या तुपाचा डबा. तुपाचा डबा हातातल्या बॅगेत ठेवला तर सिक्युरिटीत अडतो, तो चेक-इनलाच टाकावा लागतो.

मग हिशोब असा झाला. दोघांत एक बॅग घेतली तर 10,260, म्हणजे मेंबर होऊन फायदा 40 रुपयांचा. दोन बॅगा घेतल्या तर 11,760, म्हणजे उलट 1460 जास्त. आणि बॅग आधी न घेता थेट काउंटरवर नेली तर बहुतेक वेळा त्याहून महाग पडते.

म्हणून सवलतीचा टक्का बघू नका. पैसे भरायच्या शेवटच्या स्क्रीनपर्यंत जा, तेवढ्याच बॅगा टाका आणि दोन्हीकडची एकूण रक्कम बघा. हे दोन्ही लागोपाठ करा, कारण एका दराच्या सीट मोजक्याच असतात. त्या संपल्या की पुढचा दर लागतो. सकाळी वेबसाइट आणि रात्री ॲप बघितलं, तर दिसणारा फरक सवलतीचा आहे की सीट संपल्याचा, ते कळणार नाही. आणखी एक, मेंबरची सूट बुकिंगमधल्या सगळ्यांना आहे की फक्त मेंबरला, तेही तिथंच तपासा.

मग मेंबर व्हावं की नाही? साधं सदस्यत्व बहुतेक ठिकाणी फुकट असतं. कंपनीला एजंटचं कमिशन वाचवायचं असतं आणि तुमचा नंबर हवा असतो, म्हणून ती सूट देते. त्यामुळं हिशोबात खरंच पैसे वाचत असतील तर खुशाल व्हा. नाव आधार कार्डावर आहे तसंच टाका. ॲपनं लोकेशन आणि कॉन्टॅक्ट मागितले तर नाही म्हणा, तिकिटाला त्यांची गरज नसते. बऱ्याचदा वेबसाइटवर लॉगिन केलं तरी तेच भाडं दिसतं, मग ॲप कशाला?

पॉइंटच्या नादाला मात्र वर्षा-दोन वर्षांतनं एकदा उडणाऱ्यानं लागू नये. त्यांना मुदत असते, फुकट तिकिटाइतके जमेपर्यंत ती संपते. वार्षिक फी असलेलं विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड तर नकोच.

शेवटी काका-काकूंनी मेंबर न होता साधं तिकीट काढलं, दोन बॅगांसकट. काकू म्हणाल्या, "लाडवाच्या डब्याला जागा झाली, बास." एकटा, पाठीवर सॅक टाकून जाणारा असता, तर मीच त्याला मेंबर हो म्हटलं असतं.

तुमच्या शेवटच्या स्क्रीनवर काय निघालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!