क्लाउड सोडून स्वतःच्या सर्व्हरवर परत जायचं का? आधी हा हिशोब करा

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. विषय आहे क्लाउड रिपॅट्रिएशन, म्हणजे क्लाउडवर चालणारं काम उचलून पुन्हा स्वतःच्या सर्व्हरवर आणणं.

या विषयावर बोलताना एक उदाहरण हमखास येतं, ते म्हणजे बेसकॅम्प आणि हे ही ॲप्स बनवणारी अमेरिकन कंपनी थर्टीसेव्हन सिग्नल्स. २०२२ मध्ये त्यांचं वर्षाचं क्लाउड बिल सुमारे ३२ लाख डॉलर होतं. २०२३ मध्ये त्यांनी ॲप्स स्वतःच्या सर्व्हरवर आणली. सर्व्हरना साधारण ७ लाख डॉलर लागले आणि बिल वर्षाला १३ लाखांवर आलं. हे वाचून मागच्या वर्षी आमचे सीटीओ मला म्हणाले, "अरे, आपलंही जरा बघ ना." मी एक्सेल उघडलं.

आमचं मशीनचं बिल महिन्याला ४ लाख रुपये होतं. फाइल स्टोरेज वेगळं, ते आम्ही हलवणार नव्हतो. खऱ्या वापराला दोन सर्व्हर पुरत होते आणि एक बंद पडला तर काम अडू नये म्हणून तिसरा. प्रत्येकी १२ लाख धरले, एकूण ३६ लाख. डेटा सेंटरमधल्या रॅकचं भाडं आणि वीज ८० हजार, दोन वेगवेगळ्या इंटरनेट लाइन ३० हजार. म्हणजे महिन्याचा खर्च १ लाख १० हजार. ४ लाखांसमोर हा आकडा बघून मी जाम खूश!

मग आमच्या टीममधल्या एका सीनियर ताईंनी विचारलं, "रात्री दोन वाजता डिस्क उडाली तर कोण जाणार?" क्लाउडवर हे काम बिलातच असतं, इथे ते आपल्या गळ्यात येतं. त्यासाठी एका माणसाचा निम्मा वेळ, म्हणजे १ लाख, धरला. महिन्याचा खर्च झाला २ लाख १० हजार आणि बचत उरली १ लाख ९० हजार.

दुसरी गोष्ट, एका रात्रीत कोणी हलत नाही. नवीन सर्व्हर लावून तपासायचे, डेटा दोन्हीकडे ठेवायचा आणि मग ट्रॅफिक वळवायचं. आम्ही तीन महिने धरले. तेवढा काळ क्लाउडचं बिल चालूच राहतं आणि नव्या जागेचेही ६ लाख ३० हजार जातात. सर्व्हर धरून ४२ लाख ३० हजार घालायचे, तर ते वसूल व्हायला जवळपास २२ महिने. सर्व्हर पाच वर्षं चालतो असं धरलं, तर हेही वाईट नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. ताई म्हणाल्या, "तू सर्व्हर मोजलेस खऱ्या वापरावर, पण बिल धरलंस आपल्या आळशीपणाचं." मॉनिटरिंगचा ग्राफ उघडला, तर बरीच मशीन दिवसभर १५ टक्केसुद्धा सीपीयू वापरत नव्हती. टेस्टिंगची मशीन रात्रभर आणि शनिवार-रविवारही चालू. ती वेळेवर बंद केली, मोठी मशीन लहान केली, कायम लागणाऱ्या मशीनसाठी वर्षभराचा करार केला. ४ लाखांचे अडीच लाख झाले.

आता पुन्हा हिशोब करा. अडीच लाखांतून २ लाख १० हजार वजा केले, तर बचत फक्त ४० हजार. तेच ४२ लाख ३० हजार वसूल व्हायला पावणेनऊ वर्षं! तोवर सर्व्हर भंगारात गेलेले असतील. आम्ही क्लाउडवरच राहिलो.

मग थर्टीसेव्हन सिग्नल्सला कसं जमलं? त्यांनी दीर्घ मुदतीचे करार करून बिल आधीच कमी केलेलं होतं. डेटा सेंटरमध्ये त्यांचे रॅक आधीपासून होते, नवे सर्व्हर तिथेच बसले. ते सांभाळणारी टीमही तीच राहिली, म्हणजे आमच्या हिशोबातले भाड्याचे आणि माणसाचे आकडे त्यांच्याकडे फारसे वाढलेच नाहीत. शिवाय उरलेल्या बिलात मोठा वाटा फाइल स्टोरेजचा होता. त्याचा करार २०२५ पर्यंत असल्यामुळे ते लगेच हलवता आलं नाही. तुमचाही असा करार असेल, तर त्याची शेवटची तारीख आधी बघा.

लोडचा आकारही बघा. तो वर्षभर सपाट असेल तर स्वतःचे सर्व्हर परवडतात. महिन्यातून दोनच दिवस गर्दी पाचपट होत असेल, तर त्या दोन दिवसांपुरते सर्व्हर विकत घ्यावे लागतात आणि बाकी २८ दिवस ते नुसते बसून राहतात.

म्हणून आधी बिल साफ करा आणि त्या साफ बिलाशीच तुलना करा. त्यानंतरही पैसे दोन-अडीच वर्षांत वसूल होत असतील, तर सर्व्हरचं कोटेशन मागवायला हरकत नाही. तुमच्या ऑफिसमध्ये हा हिशोब कोणी केलाय का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!