व्हेप सोडताना: पॅच रक्तासाठी, हाताचे काय?

सिगारेट संपते, म्हणून ओढणारा थांबतो. व्हेपला असा शेवट नसतो. राख नाही, काडेपेटी नाही, वासही पटकन विरतो, त्यामुळे उठून बाहेर जावे लागत नाही. लॅपटॉपशेजारी, उशीखाली, बाथरूममध्येही तो हाताशी असतो. जास्त ओढणाऱ्याचे दिवसाला दोन-तीनशे झुरके सहज होतात आणि त्यातले बहुतेक त्याच्या लक्षातही येत नाहीत. त्यामुळे व्हेप सोडायला आलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, ‘दिवसाला किती?’, तेव्हा त्याला उत्तर सुचत नाही. आणि निकोटिन पॅचचा डोस तर नेमका त्याच प्रश्नावर ठरलेला असतो. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेटी असतील, तर सहा आठवडे २१ मिलिग्रॅम, मग दोन आठवडे १४ आणि शेवटचे दोन आठवडे ७, हा चोवीस तासांच्या पॅचचा रूढ क्रम. व्हेपवाल्याने त्यात स्वतःला कुठे बसवायचे?

समजा, पुण्यात आयटीत काम करणारा पंचविशीतला एक तरुण आहे. २ मिलिलिटरची एक पॉड त्याला दोन दिवस पुरते. तिच्यावर ५ टक्के असे छापले आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन. हिशेब केला तर रोज ५० मिलिग्रॅम होतात आणि ‘मला २१ चे दोन पॅच तरी लागतील’ असे त्याला वाटते. हा हिशेब चुकीचा आहे. द्रवातले सगळे निकोटिन रक्तात जात नाही. काही वाफेबरोबर बाहेर जाते, काही पॉडमध्येच राहते. पॅचवरचा आकडा मात्र दिवसभरात त्वचेतून शरीरात जाणाऱ्या निकोटिनचा असतो. शिवाय २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात आणि विक्री बंद आहे. चोरून विकल्या जाणाऱ्या मालावरच्या छापील आकड्याची खात्री कोणी द्यायची?

म्हणून लेबलपेक्षा दिनक्रम विचारलेला बरा. सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळात लागतो? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर अवलंबित्व जास्त आहे असे धरतात. आपला हा तरुण डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत व्हेप शोधतो आणि रात्री जाग आली तरी ओढतो. त्याच्यासाठी २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात योग्य ठरते, पण नुसत्या पॅचवर त्याचे भागणार नाही.

व्हेपचे निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते. पॅचचे निकोटिन सलाइनसारखे थेंबाथेंबाने उतरते आणि पुरेशा पातळीला यायला काही तास लागतात. त्यामुळे पॅच दिवसभराची भूक शांत ठेवतो, पण एकदम उसळून येणारी तलफ त्याच्याने भागत नाही. तिच्यासाठी पॅचबरोबर निकोटिनचे च्युइंगम किंवा चघळायची गोळी द्यावी लागते. हे गम साध्या गमसारखे चघळत बसायचे नसते. थोडे चावून तोंडात चुणचुण सुरू झाली, की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचे, चुणचुण गेली की पुन्हा थोडे चावायचे. त्याआधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना कॉफी, कोल्ड्रिंक टाळावे. आम्लामुळे निकोटिन तोंडातून नीट शोषले जात नाही, आणि मग ‘गमचा काही उपयोग नाही’ अशी तक्रार होते.

पहिले तीन-चार दिवस डोस जमला की नाही हे पाहण्याचे. दुपारपर्यंत चिडचिड वाढते, कामात लक्ष लागत नाही, गमवर गम लागतात, अशी स्थिती असेल तर डोस कमी पडतो आहे. काही तज्ज्ञ अशा वेळी दुसरा, कमी ताकदीचा पॅच जोडतात. ते त्यांच्या देखरेखीखालीच करावे. उलट मळमळ, गरगरणे, घाम, छातीत धडधड सुरू झाली तर डोस जास्त होतो आहे. पॅच काढावा, पण त्वचेत साठलेले निकोटिन त्यानंतरही काही वेळ उतरत राहते, हे माहीत असावे. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना गाठावे. रात्री चित्रविचित्र स्वप्ने पडून झोप मोडत असेल, तर झोपताना पॅच काढता येतो. मात्र मग सकाळी नवा पॅच लावून तो लागू पडेपर्यंतचा काळ अवघड जातो. आपल्या तरुणाची सर्वांत जोरदार तलफ नेमकी त्याच वेळची, म्हणून त्याने उठल्याबरोबर गम घ्यावे. पॅच कापून अर्धा करू नये. रोज जागा बदलावी, आणि आपल्याकडच्या घामात तो सुटू नये म्हणून तेल न लावलेल्या, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर दाबून बसवावा. एखादा झुरका ओढला गेला म्हणून पॅच काढून टाकण्याचे कारण नाही. गर्भवती, हृदयविकाराचे रुग्ण आणि अठरा वर्षांखालील मुलांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅच लावूच नये.

डोस बसला की एक गोष्ट स्पष्ट होते. चिडचिड गेली, डोके शांत आहे, तरी हात खिशाकडे जातोच. ही निकोटिनची भूक नाही, हाताची सवय आहे. दोन्ही वेगळे ओळखता येतात. भूक कुठेही असलात तरी तासागणिक वाढत जाते. सवय ठरावीक जागी आणि क्षणी जागी होते: कॉल सुरू झाला, गाडी सिग्नलला थांबली, अंथरुणात फोन हातात आला, आणि ती काही मिनिटांत ओसरते. तिच्यावर पॅच वाढवणे हा उपाय नव्हे.

आपल्या तरुणाने दोन दिवस फक्त नोंद ठेवली, तर त्याला कळेल की निम्मेअधिक झुरके दोन-तीन जागीच होतात. मग त्या जागा बदलायच्या. कॉलच्या वेळी डाव्या हातात स्ट्रॉची पाण्याची बाटली, उजव्या हातात पेन. फोन चार्जिंगला खोलीबाहेर. तोंडाला गाजर-काकडीचे लांब तुकडे, बडीशेप, लवंग. सुपारी मात्र कदापि नको. साधी, सुगंधी, माव्यातली, कुठलीच नको, कारण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि व्हेपच्या जागी सुपारी आपल्याकडे फार सहज येऊन बसते. निकोटिन नसलेला व्हेपही नको. त्यात काय भरले आहे ते कळत नाही, आणि हातातोंडाची सवय जशीच्या तशी जिवंत राहते.

माझ्या मते सर्वांत मोठी चूक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. बरे वाटते, म्हणून माणूस पॅच सोडतो. हात अजून खिशात जातच असतो, त्यात भूकही परत येते, आणि दोन्ही एकदम अंगावर आल्यावर टिकणे कठीण. नेहमीच्या जागी बसूनही दिवसचे दिवस हात वळत नाही, असे झाल्यावरच १४ वर उतरावे. त्यासाठी छापील सहा आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल, तर डॉक्टरांशी बोलून तेवढा घ्यावा. पॅचचे बहुतेक अभ्यास सिगारेट ओढणाऱ्यांवर झाले आहेत, व्हेपवाल्यांवरचे थोडेच आहेत. म्हणून वेळापत्रकापेक्षा स्वतःच्या नोंदीला जास्त किंमत द्यावी. एवढे करूनही जमले नाही, तर डॉक्टर व्हॅरेनिक्लिन या गोळीचा विचार करू शकतात.

हे एकट्याने करण्याची गरज नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. फोन करताना आपली दोन दिवसांची नोंद समोर ठेवा, आणि ‘दिवसाला किती?’ असे विचारले तर सकाळचा पहिला झुरका किती वाजता लागतो, ते आधी सांगा.