खालांचं पासबुक आणि बँकेला लिहिलेला अर्ज

आमच्या मोहल्ल्यातल्या खालांचं पासबुक रमजान ईदनंतर कधीतरी दिसेनासं झालं. मुलगा कुवेतला, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे पाठवतो. खाला एसटीने तालुक्याच्या शाखेत जातात, पैसे काढायची स्लिप भरतात, तिच्यासोबत पासबुक खिडकीतून आत देतात आणि घरखर्चाचे पैसे घेऊन दुपारच्या गाडीने परत येतात. एटीएम कार्ड त्यांनी घेतलेलं नाही. बऱ्याच शाखांत स्लिपवर पैसे काढायचे तर पासबुक दाखवावंच लागतं. त्यामुळे पासबुक गेलं म्हणजे खालांच्या घरातली महिन्याची रक्कमच अडली.

घरातल्या दहावीच्या भाच्याने त्याच रात्री अर्ज लिहिला. शाळेत औपचारिक पत्र शिकवतात, त्यामुळे मायना आणि मजकूर देखणा होता. "मी आपल्या बँकेची प्रामाणिक खातेदार असून माझे पासबुक चोरीला गेल्याने मला अतोनात मानसिक त्रास होत आहे, तरी कृपाळू होऊन नवीन पासबुक द्यावे." खाली खालांनी मोठ्या कष्टाने मराठीत सही केली. दुसऱ्या दिवशी शाखेतून अर्ज परत आला. खाला आमच्याकडे आल्या तेव्हा कागदावर बँकेच्या माणसाने पेन्सिलने तीन ठिकाणी गोल केले होते.

पहिला गोल खाते क्रमांकाच्या जागी होता. अर्जात क्रमांकच नव्हता. पासबुक हरवल्यावर क्रमांक कुठून आणायचा, असा खालांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. खरं तर क्रमांक घरात दोन-चार ठिकाणी पडलेला असतो. चेकबुक असेल तर त्याच्या प्रत्येक पानावर असतो. पैसे भरल्याच्या जुन्या पावतीवर असतो. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी शाळेत दिलेल्या पासबुकाच्या झेरॉक्सवर असतो. मोबाइलवर येणाऱ्या बँकेच्या संदेशात मात्र बहुधा शेवटचे तीन-चार आकडेच दिसतात, तेवढ्याने अर्ज पूर्ण होत नाही. काहीच सापडलं नाही तर आधार कार्ड आणि खात्याला जोडलेला मोबाइल घेऊन शाखेत जावं. तिथे नाव आणि मोबाइलवरून खातं शोधता येतं. खालांच्या बाबतीत नातीच्या शाळेच्या फायलीत झेरॉक्स मिळाली. अशी झेरॉक्स जुनी असेल तर खाते क्रमांक घ्या, पण आयएफएससी कोड तसाच उतरवू नका. २०१९ आणि २०२० साली बऱ्याच सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या. देना बँक, सिंडिकेट बँक, आंध्रा बँक ही नावं गेली आणि त्यांच्या शाखांचे कोडही बदलले.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. क्रमांक विचारायला इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही 'कस्टमर केअर'ला फोन करू नका. पासबुकाच्या दुसऱ्या प्रतीसाठी फोनवर कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही. जो मागतो तो बँकेचा माणूस नव्हे.

दुसरा गोल सहीभोवती होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी खातं उघडताना खालांनी उर्दूत सही केली होती. मदरशात शिकलेली तेवढीच लिपी त्यांना तेव्हा हातवळणाची होती. पुढे साक्षरता वर्गात त्या मराठी सही शिकल्या आणि भाच्याने हौसेने तीच करायला लावली. बँक सहीची भाषा पाहत नाही, तिच्याकडच्या नमुन्याशी ती जुळते का एवढंच पाहते. उर्दू सही चालते, मोडी वळणाचीही चालेल, पण नमुन्यात असेल तीच. सही आता बदलायची असेल तर तो वेगळा अर्ज करावा. हात थरथरत असेल, अंगठाच द्यावा लागणार असेल तर घरी कागदावर उठवून पाठवू नये. शाखेत अधिकाऱ्यासमोर, त्यांनी सांगितलेल्या साक्षीदारांसह द्यावा. आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कुणालाही देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

नावाचाही इथेच गुंता होतो. आपल्याकडे 'शेख' कधी आधी येतं, कधी शेवटी. 'बानो'चं 'बानू' होतं. लग्नाआधीच्या खात्यावर वडिलांचं नाव असतं आणि आधारवर शोहरचं. अर्जात बँकेच्या नोंदीत आहे तेच नाव लिहावं आणि आधारवर वेगळं असेल तर एका वाक्यात तसं सांगून टाकावं. नाव दुरुस्तीची मागणी याच अर्जात घुसडली की पासबुकाचं सोपं काम दुरुस्तीच्या कागदपत्रांसाठी खोळंबतं.

तिसरा गोल 'चोरीला गेल्याने' या शब्दांवर होता. यावर आम्ही खालांना खोदून विचारलं. कुणी चोरताना पाहिलं का? नाही. मग संशय कुणावर? घरकामाला येणाऱ्या मुलीवर. का, तर तीच कपाट पुसते. एवढ्यावरून लेखी अर्जात 'चोरी' लिहिणं बरोबर नव्हतं. चोरी हा पोलिसांचा विषय आहे. तसं लिहिलं की बँक साहजिकच पोलिसांतली नोंद मागते आणि मग ठाण्यात नाव कुणाचं सांगायचं? साध्या पासबुकासाठी अनेक शाखांत खातेदाराचा अर्ज आणि ओळखपत्र पुरतं. काही शाखा हरवल्याची पोलीस नोंद मागतात, ते आधी विचारून घ्यावं. मुदत ठेवीची पावती हरवली तर प्रकरण निराळं. तिथे बँक हमीपत्र लिहून घेऊ शकते. खालांना ठाऊक होतं एवढंच, की पासबुक शेवटचं कधी वापरलं आणि कधी शोधलं तर मिळालं नाही. तेवढंच लिहायचं ठरलं.

मग आम्ही बसून नवा अर्ज लिहिला. नाव आणि क्रमांकाची जागा इथे कोरी ठेवली आहे.

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), (शाखेचे नाव)

दिनांक : ..........

विषय : बचत खात्याचे पासबुक हरवल्याबाबत व त्याची दुसरी प्रत मिळण्याबाबत.
संदर्भ : बचत खाते क्रमांक ..........

महोदय,

मी .......... (बँकेच्या नोंदीप्रमाणे नाव), राहणार .........., आपल्या शाखेत वरील क्रमांकाचे बचत खाते माझ्या एकटीच्या नावे आहे. आधार कार्डावर माझे नाव .......... असे असून दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे.

सदर खात्याचे पासबुक मी दि. .......... रोजी आपल्या शाखेत पैसे काढण्यासाठी शेवटचे वापरले. त्यानंतर ते हरवले असून दि. .......... पासून शोध घेऊनही मिळालेले नाही. ते मी कोणाकडेही तारण ठेवलेले किंवा दिलेले नाही.

तरी कृपया हरवलेल्या पासबुकाची नोंद घ्यावी, त्या पासबुकावर कोणासही पैसे देऊ नयेत आणि मला दुसरी प्रत द्यावी. नवीन पासबुकात दि. .......... पासूनच्या नोंदी छापून मिळाव्यात. ते शक्य नसल्यास त्या काळाचा खातेउतारा द्यावा. नियमाप्रमाणे जे शुल्क असेल ते माझ्या खात्यातून वजा करण्यास माझी संमती आहे. जुने पासबुक सापडल्यास ते वापरणार नाही, शाखेत जमा करीन.

आपली विश्वासू,
(नमुन्याप्रमाणे सही)
मोबाइल : ..........
सोबत : आधार कार्डाची स्वसाक्षांकित प्रत

खाला म्हणाल्या, "बेटा, यात माझ्या त्रासाचं काहीच नाही." खरंच नव्हतं. व्यवस्थापकाला त्यातून काही करता येत नाही, म्हणून तो वगळला.

नोंदी कोणत्या तारखेपासून हव्यात हे वाक्य मात्र आम्ही आग्रहाने ठेवलं. ते लिहिलं नाही तर बऱ्याचदा नव्या पासबुकात त्या दिवसाची शिल्लक वर छापून पुढचं पान कोरं मिळतं, मागचे महिने गायब. खालांना मागचं वर्ष हवंच होतं. जकातीचा हिशोब त्या रमजानपासून रमजानपर्यंत पासबुकावरूनच करतात, आणि दर तीन महिन्यांनी खात्यात पडणाऱ्या व्याजाच्या ओळींवर पेन्सिलने खूण करून ती रक्कम वेगळी काढतात. आपल्या अनेक घरांत हा रिवाज आहे. म्हणून तारीख मागच्या शाबानची, म्हणजे त्या सुमाराची इंग्रजी तारीख, घातली.

संयुक्त खातं असेल तर 'एकटीच्या नावे' हे शब्द बदलतील आणि सही कुणाकुणाची लागेल ते खात्याच्या व्यवहार पद्धतीवर ठरेल. पण खात्यावर पहिलं नाव मरहूम शोहरचं असेल तर हा अर्ज उपयोगी नाही. तिथे मृत्यू दाखला देऊन आधी नाव कमी करून घ्यावं लागतं. खातं दोन वर्षांहून अधिक काळ वापरलं नसेल तर तेही निष्क्रिय झालेलं असतं, आधी केवायसी द्यावी लागते.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक शाखेला, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. हा शिक्का मागायला खाला लाजत होत्या. पण पोच नसेल तर पुढे तक्रार कशावर करणार? शाखेने दाद दिली नाही तर त्याच बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवावं, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in इथे विनामूल्य तक्रार करता येते. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी पासबुक मिळालं. महिन्याचे पैसे तर त्याआधीच, अर्ज दिला त्या दिवशीच, अधिकाऱ्याने सही आणि आधार पडताळून स्लिपवर देऊ केले होते. हे विचारावं असं आधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नवं पासबुक हातात येताच तिथेच खिडकीपाशी पहिलं पान वाचून पाहिलं. नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, वारसदाराची नोंद आहे की नाही. खालांच्या पानावर वारसदाराची जागा रिकामी होती. तो फॉर्म त्याच दिवशी भरून दिला.

जुनं पासबुक बकरी ईदच्या साफसफाईत सापडलं. पेटीत, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या रजईच्या घडीत. खालांनीच ते ईदच्या आधी 'नीट' ठेवलं होतं. सोमवारी त्या शाखेत गेल्या, अधिकाऱ्याने त्यावर आडवी रेघ मारून रद्द केल्याचं लिहिलं आणि ठेवून घेतलं. येताना खालांनी कामवाल्या मुलीसाठी बांगड्या आणल्या. का आणल्या, ते तिला सांगितलं नाही.