‘एकास-एक नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्यात पिनकोड सुरू झाला. ही योजना आखली ती संस्कृतचे कवी आणि केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. प्रत्येक टपाल कार्यालयाला एक सहा आकडी क्रमांक मिळाला. गणिताच्या नजरेने पाहिलं तर हे एक फलन आहे, म्हणजे वर्गात ज्याला सगळे ‘फंक्शन’ म्हणतात ते. एका संचातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातला एक आणि एकच घटक नेमून द्यायचा, एवढीच फलनाची अट असते. इथे पहिला संच टपाल कार्यालयांचा. त्याला प्रांत म्हणतात. दुसरा संच ०००००० पासून ९९९९९९ पर्यंतच्या सगळ्या सहा आकडी क्रमांकांचा. तो सहप्रांत.

अशा कुठल्याही फलनाला दोन प्रश्न विचारता येतात. दोन वेगळ्या कार्यालयांचे पिन नेहमी वेगळेच असतात का? आणि प्रत्येक सहा आकडी क्रमांक कुठल्या ना कुठल्या कार्यालयाच्या वाट्याला आला आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर फलन एकास-एक असतं, दुसऱ्याचं ‘हो’ असेल तर आच्छादक. पिनकोडच्या बाबतीत दोन्ही उत्तरं ‘नाही’ अशी आहेत. खेड्यापाड्यातली शाखा डाकघरं ज्या उपडाकघराच्या हाताखाली असतात, सहसा त्याचाच पिन वापरतात. आणि शून्याने सुरू होणारा पिन देशात एकही नाही.

पण हे दोन ‘नाही’ एका जातीचे नाहीत. पहिला सिद्ध करायला एकच पिन असलेल्या दोन कार्यालयांची नावं कागदावर लिहिली की काम झालं. दुसऱ्यासाठी ‘०००००१ बघा’ एवढं म्हणून भागत नाही. हा क्रमांक देशातल्या एकाही कार्यालयाचा नाही, याची खात्री द्यावी लागते. त्यासाठी एक तर सगळी यादी चाळायची, नाही तर कारण सांगायचं. कारण असं, की पिनचा पहिला आकडा विभाग दाखवतो आणि विभागांना १ ते ९ हेच आकडे दिलेले आहेत. त्यातला ९ लष्करी टपालाचा. शून्य कुणालाच दिलेला नाही, म्हणून ०००००१ हा पिन असूच शकत नाही.

एका ठिकाणी दोन नावं पुरतात आणि दुसऱ्या ठिकाणी युक्तिवाद लागतो, असं का? दोन्ही व्याख्या संख्यापकांत लिहिल्या की ते उघड होतं. संख्यापक दोनच आहेत: ∀ म्हणजे ‘प्रत्येक’ आणि ∃ म्हणजे ‘निदान एक तरी आहे’. उलटं E हे चिन्ह इटलीच्या जुझेप्पे पेआनोचं आणि त्याच्या जोडीला उलटं A आणलं ते जर्मन तर्कशास्त्रज्ञ गेरहार्ड गेन्ट्सेनने, १९३५ साली. आता f हे फलन A या प्रांतातून B या सहप्रांतात जातं असं धरू. a, b आणि x हे A मधले घटक, y हा B मधला. मग एकास-एक असण्याची अट अशी:

∀a ∀b ( f(a) = f(b) ⇒ a = b )

उत्तरं सारखी आली तर मुळातले घटकही एकच होते, असा याचा अर्थ. ‘घटक वेगळे तर उत्तरं वेगळी’ असंही लिहिता येतं आणि दोन्हींचा आशय एकच आहे. मात्र बाण उलटा फिरवून a = b ⇒ f(a) = f(b) असं लिहिलं तर काहीच सांगितलं जात नाही, कारण ते प्रत्येक फलनाबाबत खरंच असतं. एका कार्यालयाला एकच पिन, ही तर आपली सुरुवातीची अट होती. उत्तरपत्रिकांत ही अदलाबदल फार दिसते.

आच्छादक असण्याची अट अशी:

∀y ∃x ( f(x) = y )

सहप्रांतातला कुठलाही y समोर ठेवा, त्याच्यासाठी प्रांतात x सापडतो. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी y येतो आणि मग त्याच्याकडे बघून x निवडायचा असतो, त्यामुळे y बदलला की x बदलायला मोकळीक आहे. हेच ∃x ∀y असं लिहिलं तर ‘एकच x असा आहे की त्याचं उत्तर प्रत्येक y आहे’ असं होईल. सहप्रांतात दोन घटक असले तरी ते अशक्य आहे.

आता नकार. ‘सगळे पास झाले’ हे खोटं ठरवायला सगळे नापास व्हावे लागत नाहीत, एक नापास पुरतो. ‘कुणीतरी पास झालं’ हे खोटं ठरायला मात्र प्रत्येक जण नापास व्हावा लागतो. म्हणून नकाराचं चिन्ह आत सरकताना ∀ चा ∃ होतो आणि ∃ चा ∀. ‘आणि’ व ‘किंवा’ यांच्या नकाराचे जे नियम ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावाने शिकवतात, त्यांचंच हे पुढचं रूप आहे. हा डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मला. संख्यापकांच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते: ‘P असेल तर Q’ हे वाक्य एकाच परिस्थितीत खोटं ठरतं, P खरं असून Q खोटं असतं तेव्हा. म्हणजे ‘तर’ असलेल्या वाक्याच्या नकारात ‘तर’ उरत नाही, त्याजागी ‘आणि’ येतो.

हे लक्षात घेऊन एकास-एकचा नकार लिहिला की असा दिसतो:

∃a ∃b ( f(a) = f(b) आणि a ≠ b )

आणि आच्छादकचा असा:

∃y ∀x ( f(x) ≠ y )

पहिल्यात दोन्ही ∃ आहेत, म्हणून दोन घटक दाखवले की संपलं. दुसऱ्यात ∃ च्या मागून ∀ येतो. y दाखवायचा आणि मग प्रांतातल्या एकूण एक x बद्दल बोलायचं. पिनकोडच्या वेळी जो फरक जाणवला तो हाच.

नकार लिहिताना ठरावीक चूक होते. पुष्कळ जण ∀ तसाच ठेवतात आणि फक्त शेवट बदलतात: ∀a ∀b ( a ≠ b ⇒ f(a) = f(b) ). याचा अर्थ देशातल्या सगळ्या कार्यालयांचा पिन एकच! आपलं फलन एकास-एक नाही हे खरं, पण ते इतकंही बिघडलेलं नाही. आच्छादकच्या बाबतीत तशीच चूक केली तर ∀y ∀x ( f(x) ≠ y ) असं वाक्य येतं, म्हणजे कुठलाच क्रमांक कुणालाच मिळालेला नाही. प्रांतात एक जरी घटक असला तरी हे खोटं, कारण त्या घटकाला काहीतरी उत्तर असतंच.

आता एक उदाहरण तडीस नेऊ. प्रांत आणि सहप्रांत दोन्ही पूर्णांकांचे संच घ्या, ऋण संख्या आणि शून्य धरून, आणि नियम ठेवा

f(n) = n³ − n

हे एकास-एक आहे का? f(0) = 0 आणि f(1) = 0. शून्य आणि एक वेगळे आहेत, उत्तर सारखं आहे. ∃a ∃b ची मागणी पुरी झाली, पुढे एक अक्षरही लिहायची गरज नाही.

आच्छादक आहे का? २ घातला की ६ मिळतात, ३ ला २४, ४ ला ६०. मधले कितीतरी पूर्णांक सुटताना दिसतात. y म्हणून १ घेऊ. काही n घालून पाहिले आणि १ आला नाही, एवढ्यावर मात्र थांबता येत नाही, कारण ∀x प्रत्येक पूर्णांकाबद्दल हमी मागतो आणि पूर्णांक अनंत आहेत. इथे यादी चाळायची सोयच नाही, कारणच द्यावं लागतं. ते असं: n³ − n चे अवयव (n − 1) × n × (n + 1) असे पडतात. हे लागोपाठचे तीन पूर्णांक आहेत. त्यांत निदान एक सम असतो आणि एकाला ३ ने भाग जातो. म्हणून गुणाकाराला नेहमी ६ ने भाग जातो. १ ला जात नाही. तेव्हा कुठलाही n घेतला तरी उत्तर १ येणार नाही, आणि फलन आच्छादक नाही हे आता सिद्ध झालं.

नकाराचं वाक्य हाताशी असलं की आणखी एक गोष्ट साधते. फलन एकास-एक नाही एवढ्यावर न थांबता ते कुठे कुठे फसतं हे शोधता येतं. f(a) = f(b) आणि a ≠ b ही जोडगोळी समीकरण म्हणून सोडवू. a³ − a = b³ − b म्हणजे

(a − b)(a² + ab + b² − 1) = 0

a आणि b वेगळे आहेत, म्हणून पहिला कंस शून्य नाही. उरतं a² + ab + b² = 1. याला चारने गुणून (2a + b)² + 3b² = 4 असं लिहिता येतं. b हा २ किंवा −२ किंवा त्याहूनही शून्यापासून दूरचा असता, तर 3b² एकटंच निदान १२ झालं असतं. म्हणून b ची किंमत −१, ० किंवा १ एवढीच असू शकते, आणि a ला तोच नियम लागू. म्हणजे अनंत पूर्णांकांत हे फलन फक्त −१, ० आणि १ या तिघांमध्ये फसतं. तिघांचंही उत्तर शून्य. प्रांतातून −१ आणि १ एवढे दोनच काढले की फलन एकास-एक होतं. आच्छादक मात्र तरीही होत नाही, कारण प्रांत लहान केल्याने नवी उत्तरं येत नाहीत.

नियम तोच ठेवून प्रांत आणि सहप्रांत वास्तव संख्यांचे केले तर चित्र पालटतं. x खूप मोठा घेतला की x³ − x हवं तेवढं मोठं होतं, ऋण बाजूला तितकंच खाली जातं आणि आलेख मध्ये कुठे तुटत नाही. म्हणून प्रत्येक y वाटेत गाठला जातो आणि फलन आच्छादक होतं. आधी जो १ सुटला होता, तो आता x सुमारे १.३२४७ असताना मिळतो. उलट एकास-एकपणा पूर्वीपेक्षा जास्त बिघडतो. a² + ab + b² = 1 हे समीकरण वास्तव संख्यांत एक लंबवर्तुळ आहे आणि a = b असे दोन बिंदू सोडले तर त्यावरचा प्रत्येक बिंदू फसणारी एक जोडी देतो. त्यातली एक जोडी ३/७ आणि ५/७ ही आहे. दोन्हींचा घन करून त्यातून तीच संख्या वजा करा, दोन्ही वेळा −१२०/३४३ येतात.